एकाच ठरलेल्या कामासाठी: रोज मोठ्या मॉडेलला विचारावे की त्याच्या उत्तरांवर छोटे मॉडेल घडवावे?

बडोद्यात आमचा घरगुती आरओ यंत्रांच्या दुरुस्तीचा व्यवसाय आहे. ग्राहकांच्या तक्रारी बहुतेक व्हॉट्सअॅपवर येतात. त्या गुजराती, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषांत, पण रोमन अक्षरांत आणि ज्याला जसे सुचेल तशा स्पेलिंगने लिहिलेल्या असतात. प्रत्येक संदेश ठरलेल्या बारा प्रकारांपैकी एका प्रकारात टाकायचा, म्हणजे जाणारा कारागीर योग्य सुटा भाग घेऊन निघतो, एवढेच हे काम आहे. यासाठी मी दोन्ही व्यवस्था वापरल्या आहेत: आधी प्रत्येक संदेश इंटरनेटवरून मोठ्या एआय भाषा-मॉडेलकडे पाठवण्याची, आणि नंतर त्याच मॉडेलच्या उत्तरांवर शिकवलेले छोटे मॉडेल कार्यालयातील संगणकावर चालवण्याची. ज्यांच्यासमोर असाच एखादा अरुंद आणि रोजचा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे. ज्यांचे काम दर आठवड्याला बदलते, त्यांना ती फारशी लागू पडणार नाही.

सुरुवात करण्यात मोठ्या मॉडेलला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. बारा प्रकारांची व्याख्या, प्रत्येकाची दोन-तीन उदाहरणे आणि काही नियम एवढे लिहून दिले की ते त्याच दिवशी कामाला लागते. अर्धे स्वर गाळलेले गुजराती त्याला समजते, आणि तेरावा प्रकार हवा असेल तर सूचनेत एक वाक्य वाढवले की पुरते. छोटे मॉडेल घडवायचे ठरवले तरी ही पायरी चुकत नाही, कारण शिकवणारे मॉडेल तेच असते.

खर्चाचा हिशेब प्रत्येकाने आपल्या संख्येवर करावा, पण एक बाब लक्षात घ्यावी. मॉडेल मजकूर ज्या शब्द-तुकड्यांत मोजते त्या टोकनमध्ये आमच्या सूचना सुमारे हजार टोकनच्या होत्या आणि ग्राहकाचा संदेश फार तर चाळीस टोकनचा असे. म्हणजे पाठवलेल्या मजकुरातील पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भाग दर वेळी तोच असायचा. पुन्हा पुन्हा जाणाऱ्या सूचनांसाठी काही सेवा सवलत देतात, त्यामुळे बिल कमी होते, पण रचना तीच राहते. छोट्या मॉडेलला सूचना द्याव्याच लागत नाहीत, कारण शिकवण्याच्या वेळी नियम त्याच्या आत उतरलेले असतात आणि त्याला फक्त संदेश पुरतो. तरीही एवढ्यासाठी मी बदल केला नसता.

माझा निर्णय ज्या त्रासाने झाला तो वेगळा होता. आमच्याकडे ‘खालून पाणी जाते’ अशा अर्थाचे संदेश नेहमी येतात. याचा अर्थ यंत्राच्या खालून गळती होत आहे असाही होतो, आणि टाकाऊ पाण्याची नळी सतत वाहत आहे असाही होतो. पहिल्या बाबतीत कारागिराला जोड आणि ओ-रिंग लागतात, तर दुसऱ्या बाबतीत फ्लो रिस्ट्रिक्टर किंवा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. संदेशात नळीचा उल्लेख नसेल तर गळती धरायची, असा आमच्या कार्यालयाचा जुना संकेत आहे, आणि दिलेल्या उदाहरणांवरून मोठे मॉडेल कित्येक महिने तो पाळत होते. मग एका आठवड्यात कारागीर चुकीचे भाग घेऊन परत येऊ लागले. आमच्या सूचनेतील एक अक्षरही बदललेले नव्हते. सेवा देणाऱ्या कंपनीने त्याच नावामागचे मॉडेल बदलले होते आणि नवे मॉडेल असे संदेश टाकाऊ पाण्याकडे झुकवत होते. नव्या मॉडेलचे उत्तर तर्काने चूक होते असे मी म्हणणार नाही, कारण संदेश खरोखरच दोन्ही बाजूंचा आहे. पण अशा काठावरच्या प्रश्नांत आम्हाला हुशारीपेक्षा सातत्य हवे होते, आणि तेच आमच्या हातात राहिले नाही.

यावर उपाय आहेत. तारखेसह निश्चित केलेली आवृत्ती मागता येते, संदिग्ध नियम अधिक स्पष्ट लिहिता येतात, आणि उत्तरातील यादृच्छिकता शून्यावर ठेवता येते. मात्र निश्चित केलेली आवृत्तीही कधीतरी बंद होते आणि सगळी तपासणी पुन्हा करावी लागते. यादृच्छिकता शून्यावर ठेवली तरी मोठ्या सर्व्हरवर उत्तर दर वेळी तंतोतंत तेच येईल याची खात्री नसते. आणि कोणता नियम स्पष्ट लिहायला हवा होता, हे बहुधा तो मोडल्यावरच कळते. छोटे मॉडेल ही आपल्या डिस्कवरची एक फाईल असते, आणि आपण हात लावेपर्यंत तिचे वागणे बदलत नाही. माझा कल तिकडे झुकला तो प्रामुख्याने यामुळे.

आता ते घडवण्याविषयी. मजकूर लिहिणारे छोटे मॉडेल घेण्याची येथे गरज नव्हती, कारण उत्तर बारांपैकी एक एवढेच असते. म्हणून आम्ही वर्गीकरण करणारे मॉडेल निवडले. `google/muril-base-cased` हे मॉडेल हिंदी, मराठी आणि गुजरातीसह सतरा भाषांवर तयार झालेले आहे, आणि त्याच्या प्रशिक्षणात रोमन अक्षरांत लिहिलेला भारतीय भाषांचा मजकूरही होता. आमच्या संदेशांसाठी हीच गोष्ट महत्त्वाची ठरली. जुने काही हजार संदेश मोठ्या मॉडेलकडून वर्गीकृत करून घेतले आणि त्यांवर हे मॉडेल शिकवले. हे काम एका साध्या ग्राफिक्स कार्डावर थोड्या वेळात होते, आणि पुढे रोजचा वापर साध्या प्रोसेसरवरही चालतो.

त्यातील एक पायरी मात्र मी आवर्जून सुचवीन. हिंटन, विन्याल्स आणि डीन या संशोधकांनी 2015 मध्ये मांडलेल्या पद्धतीत विद्यार्थी म्हणजे छोटे मॉडेल शिक्षकाचे म्हणजे मोठ्या मॉडेलचे अंतिम उत्तर तर शिकतेच, पण शिक्षकाने प्रत्येक पर्यायाला दिलेली शक्यताही शिकते. बाहेरच्या सेवेकडून बहुतेक वेळा फक्त उत्तर मिळते, सर्व पर्यायांच्या शक्यता मिळत नाहीत. म्हणून आम्ही प्रत्येक संदेश थोडी यादृच्छिकता ठेवून पाच वेळा विचारला. पाचही वेळा गळती आली तर पूर्ण गळती. चार वेळा गळती आणि एकदा टाकाऊ पाणी आले तर 0.8 आणि 0.2 असे वजन. आणि तीन-दोन अशी विभागणी झाली तर तो संदेश आमच्याकडे फोन सांभाळणाऱ्या ताईंकडे. शिक्षकाकडून उत्तरे घेण्याचा खर्च यामुळे पाचपट होतो, पण तो एकदाच करावा लागतो, आणि शिक्षक जेथे अडखळतो ते संदेश आपोआप बाजूला निघतात. कार्यालयाचे संकेत पक्के करण्याची खरी जागा हेच संदेश आहेत.

तपासणीसाठी ताईंनी चारशे संदेश शिक्षकाचे उत्तर न पाहता स्वतः वर्गीकृत केले, आणि हे संदेश प्रशिक्षणात घेतले नाहीत. विद्यार्थी शिक्षकाशी किती जुळतो एवढेच मोजले तर शिक्षकाच्या चुका उचलल्याबद्दलही त्याला गुण मिळतात, म्हणून हा माणसाने केलेला संच आवश्यक आहे. चारशे संदेशांवर अचूकता बाण्णव टक्के आली, तर खरा आकडा साधारण पावणेतीन टक्के इकडे किंवा तिकडे असू शकतो. त्यामुळे दोन व्यवस्थांत एक-दोन टक्क्यांचा फरक दिसला तर त्यावर निर्णय घेऊ नये.

एकूण टक्केवारी मोठी चूक झाकूही शकते. आमच्या बारा प्रकारांत ‘मोटर चालू होत नाही’ आणि ‘मोटर थांबत नाही’ असे दोन आहेत. पहिल्यात अॅडॉप्टर किंवा पंप तपासतात, दुसऱ्यात फ्लोट किंवा प्रेशर स्विच. पहिल्या प्रकारचे संदेश भरपूर येतात आणि दुसऱ्याचे क्वचित.

```
{"text": "motor bandh thai gai che", "label": "motor_off"}
{"text": "motor bandh nathi thati",  "label": "motor_nonstop"}
```

विद्यार्थ्याने ‘बंध’ हा शब्द पकडला आणि नकाराचा ‘नथी’ सोडून दिला. दुसरी ओळही तो मोटर बंद पडली अशीच वाचत होता. शिक्षक ही चूक करत नव्हता. चारशेच्या संचात या प्रकारचे संदेश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असल्याने एकूण आकडा जवळजवळ हलला नाही. प्रत्येक प्रकाराचा वेगळा तक्ता काढला तेव्हाच हे दिसले. मोठ्या मॉडेलकडून असे आणखी संदेश लिहून घेऊन पाहिले, पण त्याचे स्पेलिंग ग्राहकांपेक्षा फारच नीटनेटके होते. शेवटी जुन्या नोंदींतून असे संदेश शोधून काढले, ताईंनी तिन्ही भाषांत नकार असलेल्या आणि नसलेल्या वाक्यांच्या जोड्या लिहिल्या, आणि त्या घालून मॉडेल पुन्हा शिकवले. बहुतेक वाक्ये त्यानंतर सुधारली; स्वर गाळलेली अजूनही अवघड जातात. तपासणीच्या संचातही दुर्मीळ प्रकारांचे संदेश त्यानंतर मुद्दाम वाढवले.

छोटे मॉडेल जेथे खरोखर मागे पडते ती जागा नव्या गोष्टींची आहे. यादीत नसलेली तक्रार आली की ते तिला बारांपैकी एका खणात निःशंकपणे टाकते, आणि एका संदेशात दोन तक्रारी असतील तर एक हरवते. म्हणून आम्ही त्याने दिलेल्या शक्यतेवर एक मर्यादा ठेवली आहे, आणि तिच्या खालचे संदेश मोठ्या मॉडेलकडे जातात. मॉडेल स्वतःविषयी अनेकदा गरजेपेक्षा जास्त खात्री दाखवते. त्यामुळे ही मर्यादा अंदाजाने न ठेवता, तपासणीच्या संचातील चुका कोणत्या आकड्याखाली दाटतात ते पाहून ठरवावी. खात्रीने केलेल्या चुका या जाळ्यात सापडत नाहीत, म्हणून दर महिन्याला खात्रीच्या उत्तरांपैकीही काही संदेश चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून ताई वाचतात.

ज्या मॉडेलकडून उत्तरे घ्यायची त्याच्या वापराच्या अटी आधी वाचाव्यात. आपल्या उत्तरांवर स्पर्धक मॉडेल घडवण्यास अनेक सेवांची मनाई असते, आणि आपले अंतर्गत वर्गीकरण त्यात बसते की नाही हे त्या शब्दरचनेवर अवलंबून राहते. शंका असल्यास तशी परवानगी स्पष्टपणे देणारे, खुल्या परवान्याचे मोठे मॉडेल शिक्षक म्हणून घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. शिवाय संदेशांत ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर असतात. शिक्षकाकडे पाठवण्यापूर्वी ते काढून टाकावेत.

दिवसाला चाळीस-पन्नासच संदेश येत असतील, किंवा प्रकारांची यादी अजून ठरत असेल, तर मी मोठ्या मॉडेलवरच थांबायला सांगेन, कारण शिकवणे, तपासणे आणि पुन्हा शिकवणे यांचा भार त्या प्रमाणात परवडत नाही. यादी वर्षभर तीच राहिली असेल, रोज शेकड्यांनी संदेश येत असतील आणि काठावरचे संकेत जपणे महत्त्वाचे असेल, तर मात्र मी छोट्या मॉडेलची निवड करीन आणि शंकास्पद संदेशांसाठी मोठे मागे ठेवीन. आज आमच्याकडे हीच व्यवस्था आहे, आणि दहांतील साधारण एखादाच संदेश मोठ्या मॉडेलपर्यंत जातो.