अऱ्हेनिअस की ब्रॉन्स्टेड-लॉरी: अकरावीत सुरुवात कुठून करावी?

सदाशिव पेठेत रसायनशास्त्राचा क्लास घेताना हा प्रश्न दर जूनला पडतो. अऱ्हेनिअस सुटसुटीत आहे: पाण्यात H⁺ सोडतं ते आम्ल, OH⁻ सोडते ती आम्लारी. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोड्यावर भागत असेल, तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही. अमोनियात OH नाही, म्हणून बाटलीवर NH₄OH लिहायचं, हेही एक वेळ चालवून घेऊ.

मला खटकलं ते टायट्रेशनमध्ये. ०.१ मोलर ॲसिटिक आम्लात ०.१ मोलरचंच NaOH सोडा. दोन्हीचे मोल सारखे झाले की उदासिनीकरण पूर्ण, म्हणजे pH ७ हवा, असं मुलं धरून चालतात. प्रत्यक्षात तो ८.७ च्या आसपास असतो. इंडिकेटर म्हणून मिथिल ऑरेंज घातलं, तर एक तृतीयांश आम्लही संपायच्या आत ते पूर्ण पिवळं होतं आणि ब्युरेटचं रीडिंग हास्यास्पद येतं. फिनॉल्फ्थॅलिन मात्र बरोबर जागी गुलाबी होतं. असं का, हे सांगायला अऱ्हेनिअसच्या वाटेनं गेलं की ‘क्षारांचं जलअपघटन’ हे वेगळं प्रकरण उघडावं लागतं. त्यात चार प्रकारचे क्षार आणि चार नियम, आणि परीक्षेत मुलं नेमका तिसरा-चौथा नियम उलटा लिहितात.

१९२३ मध्ये कोपनहेगनमध्ये ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडमध्ये लॉरी यांनी स्वतंत्रपणे म्हटलं: प्रोटॉन देतं ते आम्ल, घेते ती आम्लारी. प्रोटॉन दिल्यावर आम्लाचं जे उरतं, ती त्याची संयुग्मी आम्लारी. आता फ्लास्कमध्ये काय उरलंय ते पाहा. ॲसिटिक आम्ल संपलं, त्याची जोडीदार CH₃COO⁻ राहिली, आणि ती पाण्याकडून प्रोटॉन घेते:

CH₃COO⁻ + H₂O ⇌ CH₃COOH + OH⁻

जोडीतल्या दोघांच्या स्थिरांकांचा गुणाकार २५ अंशांना १०⁻¹⁴ असतो. ॲसिटिक आम्लाचा Ka १.८ × १०⁻⁵, म्हणून ॲसिटेटचा Kb ५.६ × १०⁻¹⁰. द्रावणाचं आकारमान दुप्पट झाल्यानं ॲसिटेट ०.०५ मोलर. दोन्ही गुणून वर्गमूळ काढलं की OH⁻ सुमारे ५.३ × १०⁻⁶ मोलर, म्हणजे pH ८.७. वेगळा नियम कुठेच लागला नाही. Cl⁻ ही HCl ची जोडीदार असली तरी प्रोटॉन घ्यायला जवळपास तयारच नसते, म्हणून मिठाचं द्रावण उदासीन राहतं.

अमोनियाही इथे NH₃ म्हणूनच राहतो. पाणी त्याच्यापुढे आम्ल होतं आणि HCl पुढे आम्लारी. अमोनिया आणि HCl वायू हवेत भेटून पांढरा धूर होतो, तिथेही प्रोटॉनच हलतो, पाण्याची गरज पडत नाही.

एक मान्य करतो: पहिल्या आठवड्यात मुलं गोंधळतात, कारण ‘पाणी आम्ल?’ हे पचत नाही. ज्यांना दहावीपुरतंच शिकवायचंय त्यांनी अऱ्हेनिअसवर थांबलं तरी बिघडत नाही. शिवाय BF₃ अमोनियाशी जोडला जातो तेव्हा प्रोटॉनची देवाणघेवाण होतच नाही, तिथे लुईसच्या इलेक्ट्रॉन-जोडीच्या व्याख्येकडेच जावं लागतं. पण शाळा-कॉलेजच्या ब्युरेटमध्ये BF₃ कोणी भरत नाही, आणि ॲसिटिक आम्लाचं टायट्रेशन तर जर्नलमध्ये असतंच.