हलका आणि ताठ दांडा: पोलाद, ॲल्युमिनियम, लाकूड की कार्बन फायबर?

एक नेमकं काम समोर ठेवू. कॅमेऱ्यासाठी एका टोकाला पक्का धरलेला, एक मीटर लांबीचा आडवा दांडा हवाय. मोकळ्या टोकाला १०० न्यूटन, म्हणजे साधारण १० किलोचं ओझं लटकेल आणि ते टोक १० मिलिमीटरपेक्षा जास्त खाली जाता कामा नये. एवढी अट पाळून दांडा शक्य तितका हलका करायचा.

अशा वेळी बहुतेक जण E/ρ हे गुणोत्तर काढतात: पदार्थाचा स्वतःचा ताठपणा सांगणारा यंग मापांक E भागिले घनता ρ. पोलादाचं २६.८ येतं, ॲल्युमिनियमचं २५.९, टायटॅनियमचं २५.७ (E गिगापास्कलमध्ये, ρ टन प्रति घनमीटरमध्ये). म्हणजे तिन्ही धातू जवळपास सारखेच. मग विमानं ॲल्युमिनियमची का बनवतात? कारण E/ρ हा ओढल्या जाणाऱ्या सळईचा निर्देशांक आहे. वाकणाऱ्या दांड्याचा हिशोब वेगळा लागतो.

चौरस छेदाचा भरीव दांडा घ्या. बाजू b असेल तर ताठपणा E·b⁴ च्या प्रमाणात वाढतो आणि वजन ρ·b² च्या प्रमाणात. ताठपणा आणि लांबी ठरलेली आहे, b आपण निवडणार. ताठपणाच्या समीकरणातून b काढून वजनाच्या समीकरणात घातला की वजन ρ/√E च्या प्रमाणात उरतं. म्हणून ज्याचं √E/ρ सर्वांत मोठं, त्याचा दांडा सर्वांत हलका. हलक्या पदार्थाचा दांडा जाड होतो आणि जाडीचा फायदा चौथ्या घातात मिळतो. E कमी असला तरी ती तूट बरीचशी भरून निघते.

केंब्रिजचे मायकेल ॲशबी यांनी रूढ केलेल्या आलेखांवर हे डोळ्यांनी दिसतं. आडव्या अक्षावर घनता, उभ्यावर E, दोन्ही लॉग मापात. √E/ρ समान असलेले सगळे पदार्थ २ उताराच्या एका सरळ रेषेवर येतात. ती रेषा तशीच तिरकी ठेवून वर-डावीकडे सरकवत न्यायची. शेवटपर्यंत रेषेच्या वर जे उरतील ते उमेदवार. धातूंचा पट्टा लवकर मागे पडतो आणि लाकडं, कार्बन फायबर व काही सिरॅमिक उरतात. सिलिकॉन कार्बाइडचं √E/ρ कार्बन फायबरच्या तोडीचं येतं, पण ठिसूळ दांड्यावर कोणी कॅमेरा टांगणार नाही. आलेख फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. ठिसूळपणा, किंमत आणि जोडणी यांची चाळणी आपणच लावायची असते.

आता याच कामाचे आकडे पाहू. पदार्थांचे गुणधर्म नेहमीच्या मूल्यांवरून घेतले आहेत: पोलाद २१० गिगापास्कल, ॲल्युमिनियम ७०, कार्बन फायबर १०० (बहुतेक धागे लांबीच्या दिशेने), स्प्रूस लाकूड रेषांच्या दिशेने १०. वजनं किलोत आहेत.

| पदार्थ | √E/ρ | भरीव चौरस | उंची २५ मिमी ठरलेली | पाइप |
|---|---|---|---|---|
| पोलाद | १.८५ | ३.४ | २.४ | १.१ |
| ॲल्युमिनियम | ३.१ | २.० | २.५ | ०.६६ |
| कार्बन फायबर | ६.२५ | १.० | १.० | ०.३३ |
| स्प्रूस | ७.० | ०.९ | २.९ | – |

भरीव चौरसाच्या स्तंभात स्प्रूस सर्वांत हलका आहे. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश मॉस्किटो विमानही मुख्यतः लाकडाचं होतं. सागही मागे नाही: १२ गिगापास्कल आणि ०.६५ घनता धरली तर सुमारे १.२ किलो. पण स्प्रूसचा दांडा ४५ मिलिमीटर चौरस होतो, पोलादाचा २१. तेवढी जागा असेल तरच लाकडाचा विचार करा.

जागा नसेल तर काय होतं ते पुढच्या स्तंभात आहे. दांडा एखाद्या खाचेतून जायचाय, उंची २५ मिलिमीटरच्या वर नेता येत नाही, फक्त रुंदी वाढवता येते. आता ताठपणा रुंदीच्या पहिल्या घातात वाढतो आणि निर्देशांक पुन्हा E/ρ वर येतो. स्प्रूसची फळी २५६ मिलिमीटर रुंद करावी लागते, म्हणजे दांडा राहतच नाही. पोलाद आणि ॲल्युमिनियममध्ये तर पोलादच किंचित हलकं पडतं. अशा ठिकाणी ‘ॲल्युमिनियम घेऊ, हलकं होईल’ म्हणून पैसे घालवणं मला अजिबात पटत नाही. उलट रुंदी बांधलेली आणि उंची मोकळी असेल तर निर्देशांक E^(1/3)/ρ होतो आणि लाकूड आणखी पुढे जातं. म्हणून पदार्थ निवडण्याआधी कोणतं माप मोकळं आहे ते कागदावर लिहा.

शेवटचा स्तंभ पाइपचा, आणि खऱ्या निवडीत बहुधा तोच कामाचा. पाइपची त्रिज्या भिंतीच्या जाडीच्या दहापट ठेवली तर तेवढ्याच ताठपणासाठी वजन भरीव चौरसाच्या साधारण एक तृतीयांश होतं. पोलादाचा पाइप ३१.५ मिलिमीटर बाह्यव्यासाचा आणि दीड मिलिमीटर भिंतीचा, ॲल्युमिनियमचा ४१ व्यासाचा आणि दोन मिलिमीटर भिंतीचा. दोन्ही मापांच्या जवळपासचे पाइप बाजारात सहज मिळतात. लाकडाला असं पोकळ करणं अवघड आहे, म्हणून तिथे रेघ आहे. भरीव स्प्रूस ०.९ किलोवरच अडतो आणि ॲल्युमिनियमचा पाइप त्याला मागे टाकतो. पातळपणालाही हद्द आहे. भिंत फारच पातळ केली तर पाइप वाकण्याआधी पकडीखाली चेपतो.

कार्बन फायबरबाबत सावध राहायचं ते वजनाबद्दल नव्हे, E बद्दल. माहितीपत्रकात कधी सुट्या धाग्याचा E दिलेला असतो, साधारण २३०, आणि वाचणारा तो पाइपचा समजतो. सगळ्या दिशांना कापड घालून केलेल्या पाइपचा E ५० च्या आसपासही असू शकतो. तसं असेल तर पाइप ०.४६ किलोचा होतो, म्हणजे तरीही ॲल्युमिनियमपेक्षा हलका. पण उंची बांधलेल्या दांड्यात तो दोन किलोवर जातो आणि धातूंवरची आघाडी जवळजवळ संपते.

हे तपासता येतं. पाइप एका टोकाला शिकंज्यात धरून मोजू नका, कारण शिकंजा थोडा फिरला तरी टोक बरंच खाली जातं आणि दोष पदार्थाच्या माथी बसतो. दोन्ही टोकं एक मीटर अंतरावर नुसती टेकवा, मध्ये १० किलो टांगा आणि डायल गेजने मधला वाक मोजा. या कामासाठी बरोबर निवडलेला कोणताही पाइप सुमारे ०.६ मिलिमीटर वाकायला हवा. १.२ आला तर E निम्मा आहे.

लाकूड निवडलं तर गाठी आणि तिरक्या रेषा पाहून तुकडा घ्या. रेषांच्या आडव्या दिशेने E दहापटीहूनही कमी असतो. कोकणातल्या पावसाळ्यात ओलावा शोषून लाकडाचा ताठपणा थोडा उतरतो, आणि ओझं महिनोन्‌महिने टांगून ठेवलं तर वाक हळूहळू वाढत जातो. ताकदीचा प्रश्न मात्र इथे आड येत नाही. पोलादाच्या पाइपमध्ये ताण १०० मेगापास्कलच्या आसपास राहतो आणि साधं पोलाद त्याच्या दुपटीहून जास्त सोसतं.

या कामासाठी मी ॲल्युमिनियमचा पाइप घेईन. कार्बन फायबरने वाचणारे ३३० ग्रॅम दांडा दिवसभर हाताने फिरवायचा असेल तरच पैशाला पुरतात. दांडा एकाच जागी बसवायचा असेल आणि वेल्डिंग करायचं असेल, तर पोलादाचा १.१ किलोचा पाइप पुरे आहे.