आधी गुणोत्तर की आधी मोलर वस्तुमान? रेणुसूत्राच्या दोन वाटा

मूलद्रव्यांची टक्केवारी आणि मोलर वस्तुमान हातात असलं की रेणुसूत्राकडे जायला दोन वाटा आहेत. पहिली पाठ्यपुस्तकातली. टक्के अणुवस्तुमानाने भागायचे, आलेल्या आकड्यांना त्यांतल्या सर्वांत लहान आकड्याने भागायचं, इम्पिरिकल सूत्र लिहायचं आणि मग मोलर वस्तुमान त्याच्या वस्तुमानाच्या किती पट आहे ते काढायचं. दुसऱ्या वाटेत मोलर वस्तुमान आधी घ्यायचं. त्यातला प्रत्येक मूलद्रव्याचा टक्क्यांइतका वाटा काढून अणुवस्तुमानाने भागलं की थेट एका रेणूतले अणू मिळतात. इम्पिरिकल सूत्र हवं असेल तर ते आकडे सर्वांत मोठ्या सामाईक विभाजकाने भागायचे, झालं.

पुस्तकातल्या स्वच्छ टक्केवारीवर दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात. फरक कळतो तो खऱ्या नमुन्यावर. एम.एस्सी.ला असताना आम्ही अ‍ॅस्पिरिन बनवून त्याचं मूलद्रव्य-विश्लेषण करून घेतलं होतं. कार्बन ५९.७ टक्के, हायड्रोजन ४.४ टक्के. ऑक्सिजन अशा विश्लेषणात बहुधा मोजतच नाहीत, शंभरातून उरलेला तो ऑक्सिजन, म्हणून ३५.९. मास स्पेक्ट्रमवरून मोलर वस्तुमान १८०.

पहिल्या वाटेने गेलो. मोल आले कार्बन ४.९७, हायड्रोजन ४.३७, ऑक्सिजन २.२४. ऑक्सिजनने भागल्यावर २.२१, १.९५ आणि १. आता या २.२१ चं काय करायचं? २ धरलं तर सूत्र C₂H₂O होतं, त्याचं वस्तुमान ४२, आणि १८० ला ४२ ने भागलं तर ४.२९ येतात, म्हणजे ते नक्कीच चूक. पण २.२ धरून पाचने गुणायचं, की २.२५ धरून चारने? चारने गुणलं तर ८.८६ आणि ७.७८, पाचने गुणलं तर ११.०७ आणि ९.७३. खात्री कशाचीच वाटेना. त्या दुपारी वहीचं अख्खं पान यातच गेलं.

माझा कौल फिरला तो इथे. नुसत्या पूर्णांकात आणण्याचा कंटाळा नव्हता तो. ज्या आकड्याने आपण सगळ्यांना भागतो तो ऑक्सिजनचा, आणि ऑक्सिजनच न मोजलेला! कार्बन खरं तर ६०.० हवा होता आणि हायड्रोजन ४.४८. दोन्ही जरा कमी भरले, आणि ती सगळी तूट ऑक्सिजनमध्ये वाढावा होऊन बसली. मग त्याच फुगलेल्या आकड्याने भागल्यावर बाकीचे आणखी खाली आले.

तेच आकडे दुसऱ्या वाटेने घातले. कार्बन ८.९५, हायड्रोजन ७.८६, ऑक्सिजन ४.०४. C₉H₈O₄, विचार करायची वेळच आली नाही. इथे प्रत्येक मूलद्रव्याची चूक त्याच्यापुरतीच राहते, कारण भागाकार एकमेकांत होत नाही.

तरीही दुसरी वाट सरसकट घ्या असं मी म्हणणार नाही. ती सगळी भिस्त मोलर वस्तुमानावर ठेवते. कापरात पदार्थ विरघळवून गोठणबिंदू किती उतरला यावरून वस्तुमान काढलं असेल तर दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. समजा १८० ऐवजी १६२ आलं. वरच्याच टक्केवारीवर आकडे येतात ८.०५, ७.०७ आणि ३.६३. पहिले दोन इतके नीट बसतात की हात C₈H₇O₄ लिहायला जातो. पण फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असलेल्या साध्या स्थिर रेणूत हायड्रोजन सम संख्येत असतात, म्हणून सात दिसताच थबकायचं. मग तिन्ही आकड्यांना एकाच संख्येने गुणून पाहायचं. १.११ ने गुणलं की ८.९४, ७.८५ आणि ४.०३. वस्तुमान चुकलं असेल तर सगळे आकडे एकाच प्रमाणात सरकतात. टक्केवारी चुकली असेल तर ज्याची चुकली तोच वेगळा पडतो.

पहिल्या वाटेला मात्र इतकं कच्चं वस्तुमानही पुरतं. इम्पिरिकल सूत्र C₉H₈O₄ एकदा ठरलं की १६२ भागिले १८० म्हणजे ०.९, पट एकच. वस्तुमान ढोबळ आणि टक्केवारी पक्की असेल तर मीही तिच्याकडेच वळेन. वस्तुमान दिलेलंच नसेल तर दुसरा पर्यायच नाही. परीक्षेत पायऱ्यांना गुण असतील तर पुस्तकातला तक्ता मांडलेला बरा.

माझ्याकडे मात्र नमुने येतात ते मास स्पेक्ट्रमसकट. त्यामुळे कागदावर सगळ्यात आधी मोलर वस्तुमान लिहितो. गुणोत्तराचा तक्ता नंतर, वेळ असला तर, पडताळ्यापुरता.