पाच मिनिटांचा पुस्तक-परिचय: पाठ केलेले भाषण की मुद्द्यांचे कार्ड?

वर्गात एखाद्या पुस्तकाचा तोंडी परिचय करून देण्यासाठी पूर्ण भाषण लिहून पाठ करावे, की एका कार्डावर मुद्दे लिहून त्यांच्या आधारे बोलावे, हा प्रश्न मलाही पडला होता. मी दोन्ही प्रकार एकाच कादंबरीवर करून पाहिले; तिच्यात घरी आलेले एक पत्र अकरा वर्षे कोणीही उघडत नाही.

लिहिलेल्या भाषणाचा मोठा गुण म्हणजे वेळेचा अंदाज. माझ्या बोलण्याच्या गतीने साधारण साडेपाचशे शब्दांत पाच मिनिटे भरतात, त्यामुळे काय गाळायचे हे कागदावरच ठरते. कार्डावरून बोलताना मात्र सारांश पसरतो. पहिल्या सरावात मी प्रत्येक पात्राची ओळख करून देत बसलो आणि चार मिनिटे संपली तरी पत्र घरी पोहोचलेच नव्हते.

तरीही माझा कौल फिरला तो एका त्रासामुळे. पाठ केलेल्या भाषणात वाक्ये साखळीसारखी आठवतात. एक निसटले की पुढचे हाती लागत नाही. वर्गात सारांशाचे तिसरे वाक्य मला आठवेना, तेव्हा मी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. पत्राची जी गोष्ट ऐकून सगळ्यांनी माना वर केल्या होत्या, तीच दुसऱ्यांदा ऐकताना काही जण हसले. शिवाय ‘तथापि’ आणि ‘सदर’ हे कागदावर शोभणारे शब्द तोंडी परक्यासारखे वाटत होते, ते वेगळेच.

कार्डावर मी आता पाच ओळींपलीकडे जात नाही. आरंभीचे वाक्य मात्र पूर्ण लिहितो: ‘या घरात एक पत्र अकरा वर्षे बंद राहते, आणि ते कोणाचे आहे हे सगळ्यांना माहीत आहे.’ त्यानंतर सारांशासाठी तीनच खुणा असतात, त्या म्हणजे पत्र येते, आजी ते लपवते, नात ते शोधते. पत्र उघडण्याच्या उंबरठ्यावर थांबायचे, कारण त्यापुढे सांगितले तर वाचायला काही उरत नाही. या भागाला दोन मिनिटे पुरतात. शेवटच्या ओळीत शिफारस असते, आणि तीही पूर्ण लिहिलेली, कारण घाईत ती ‘सर्वांनी अवश्य वाचा’ एवढ्यावर आटोपली जाते. त्याऐवजी ‘ज्यांना घरातल्या न बोललेल्या गोष्टींत रस आहे त्यांनी वाचावी, वेगवान घटना हव्या असतील तर पहिली तीन प्रकरणे संथ वाटतील’ असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला स्वतःपुरता निर्णय घेता येतो.

प्रथमच बोलणाऱ्याला, किंवा ज्याचा आवाज सुरुवातीला थरथरतो त्याला, पूर्ण भाषणाचा आधार कदाचित अधिक मानवेल, आणि त्याला मी आग्रहाने अडवणार नाही. कार्ड निवडले, तर घड्याळ लावून तीनदा उभ्याने बोलून पाहावे. तिन्ही वेळा शब्द वेगळे आले आणि वेळ जवळपास तेवढाच राहिला, तर तयारी झाली असे मी मानतो. सारांश दर वेळी लांबत असेल, तर तीन खुणांतली एक खोडून टाकतो.