झँगीफसमोर गाइल घ्यावा की कॅमी?

गंगापूर रोडला मित्राच्या खोलीवर रविवारी ‘स्ट्रीट फायटर 6’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम रंगतो, आणि त्यातला एक पठ्ठ्या झँगीफ सोडून काही घेतच नाही. पकडणारा गडी. त्याचा स्क्रू पाइलड्रायव्हर ब्लॉक होत नाही, उडी मारून नाहीतर मागे सटकून चुकवावा लागतो. त्यातही लाइट पंचचा सर्वांत लांबून पकडतो, हेवीचा सर्वांत जास्त लागतो.

कॅमी अंगावर धावून जाणारी. दडपण टाकायला तिला जवळ जावंच लागतं, म्हणजे नेमकं झँगीफला हवं तिथे. तिचा स्पायरल ॲरो जवळून ब्लॉक झाला की ती सावरायच्या आत तो तिला उचलतो. पाच-सहा वेळा मारून कमावलेलं दोन पकडींत जातं.

गाइलचं गणित वेगळं. साधारण पाऊण सेकंद मागे दाबून धरायचं, मग पुढे आणि पंच: लांबवर जाणारा सॉनिक बूम सुटतो. लाइट बूम हळू जातो, त्याच्या मागून गाइलला चालता येतं. झँगीफने वरून उडी घेतली तर समरसॉल्ट किक. खाली-मागे दाबून ठेवलं की दोन्हींची तयारी एकदमच होते.

पण मी हरतो ते इथेच. बूम टाकून मी मागे सरकतो, तो एकेक बूम पॅरी करत, म्हणजे इजा न होता झेलत, दोन पावलं पुढे येतो, आणि पाठ भिंतीला लागली की मला मागे जायला जागाच उरत नाही. तरी मी गाइलच घेईन. कॅमी राखून ठेवतो गाइल खेळणाऱ्यांसाठी. एकदा बूमवरून उडी साधली, की तिच्यापुढे त्याला बटण दाबून चार्ज धरायला उसंत मिळत नाही.