पहिला परफ्यूम: डाव्या हातावरचा की उजव्या हातावरचा?

माझा भाचा कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव या गावातल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात लागला. पहिल्या पगारात परफ्यूम घ्यायचा म्हणून राजारामपुरीतल्या एका दुकानात गेला आणि अर्ध्या तासाने रिकाम्या हाताने परत आला. म्हणाला, "मामा, दहा-बारा वास घेतले. नंतर सगळे एकच वाटायला लागले. डोकंच उठलं की."

यात त्याची चूक नव्हती. एकामागून एक वास घेत गेलं की चौथ्या-पाचव्यापासून नाक थकतं आणि फरक कळेनासा होतो. काउंटरवर कॉफीच्या बिया ठेवलेल्या असतात, पण त्या हुंगून साध्या हवेपेक्षा जास्त फायदा होत नाही. दाराबाहेर दोन मिनिटं उभं राहावं, नाहीतर स्वतःच्या शर्टाची बाही हुंगावी. म्हणून मी त्याला सांगितलं, शंभर बाटल्या बघायच्याच नाहीत. दोन निवडायच्या, एकेका हातावर घ्यायच्या आणि निकाल संध्याकाळी लावायचा.

दोन कोणत्या हे घरीच ठरवलं. त्याला अंघोळीनंतरचा ताजेपणा आवडतो, पण मित्र म्हणत होते, "दिवसभर टिकणारा घे." मग एका बाजूला लिंबू-संत्र्याच्या वासाचा ईडीटी, म्हणजे ओ द तॉयलेत, आणि दुसऱ्या बाजूला लव्हेंडर-लाकडाच्या वासाचा ईडीपी, म्हणजे ओ द पार्फम. ईडीटीमध्ये सुगंधी अर्काचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के असतं, ईडीपीत 15 ते 20. हे आकडे सगळ्यांवर बंधनकारक नाहीत, प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते. एकाच नावाचा ईडीटी आणि ईडीपी हे एकाच वासाचे पातळ आणि दाट प्रकार असतील असंही धरू नये, बऱ्याचदा दोघांची घडणच वेगळी असते.

दुकानात आम्ही नेमकं सांगितलं: "लिंबू-संत्र्यातले दोन, लव्हेंडर-लाकडातले दोन, एवढेच दाखवा." चारही आधी कागदाच्या पट्टीवर घेतले. फवारल्यावर लगेच नाकाशी धरलं तर नुसतं अल्कोहोल झोंबतं, म्हणून अर्धा-एक मिनिट थांबलो. दोन्ही गटांतला एकेक तिथेच बाद केला. उरलेल्यांतला लिंबाचा डाव्या मनगटावर एकदा, लव्हेंडरचा उजव्यावर एकदा. मनगटं एकमेकांवर घासायला तो निघाला होता, त्याला अडवलं. घासलं असतं तर दोन्ही वास एकमेकांत मिसळले असते आणि तुलनाच संपली असती. वेळ लिहून ठेवली: रविवार, सकाळी अकरा.

अकरा वाजून पाच मिनिटांनी डावा हात सरळ पुढे होता. मोसंबी सोलताना उडते तशी तरतरी. उजवा जरा औषधी, न्हाव्याच्या दुकानातल्या लोशनसारखा. इथेच पैसे देऊन मोकळं व्हावंसं वाटतं, आणि बहुतेक फसतात ते इथेच. लिंबूवर्गीय वासांचे रेणू हलके असतात, ते आधी उडतात. लाकूड, कस्तुरीसारखे वास आणि गोड राळेचे वास जड असतात, ते शेवटपर्यंत राहतात. पहिल्या पाच-दहा मिनिटांतला वास हा त्या बाटलीचा दिवसभराचा वास नव्हेच.

आम्ही काही न घेता महाद्वार रोडला चक्कर मारली. (मिसळ नंतर खाल्ली. तर्रीचा वास बोटांना आणि नाकाला दोन्हीकडे चिकटतो.) पावणेबाराच्या सुमारास चित्र पालटलं. डावा मवाळ झाला होता, उजव्यातलं औषधीपण जाऊन देवदारासारखं कोरडं, स्वच्छ लाकूड वर आलं होतं. भाचा म्हणाला, "हाच घेऊ." मी म्हटलं, संध्याकाळ होऊ दे.

दुपारी दोनला डावा जवळजवळ संपला होता. मनगट नाकाशी नेलं तरच कळत होता. उजवा ठणठणीत होता. टिकणं एवढीच कसोटी असती तर उजवा जिंकला होता. पण सहा वाजता भाचा हात लांब धरून म्हणाला, "मामा, हा गोड झालाय. मळमळतंय." लाकूड मागे पडून व्हॅनिलासारखा जड गोडवा उरला होता. एसीच्या दुकानात तो जाणवला नव्हता. मे महिन्याच्या उन्हात, घामाच्या अंगावर असा गोडवा फार अंगावर येतो. रोज सकाळी हेल्मेट घालून शिरगावपर्यंत गाडी मारायची, मग बंद ऑफिसात आठ तास बसायचं. जो वास सहा वाजता नको वाटतो तो बारा तास टिकला तर तो गुण कसा म्हणायचा?

दुसऱ्या रविवारी वाळ्याचं अत्तरही बघितलं. ते तेलातलं, अल्कोहोल नसलेलं, त्यामुळे नुकत्याच दाढी केलेल्या कातडीला झोंबत नाही. कानामागे एक थेंब पुरतो. वास अंगाजवळच राहतो, पहिल्या पावसातल्या मातीसारखा, आणि संध्याकाळपर्यंत फारसा बदलत नाही. मला स्वतःला तिघांत हेच सगळ्यात सुंदर वाटलं. अडचणी दोन: पांढऱ्या शर्टावर तेलाचा डाग पडतो, आणि स्वस्त कुपीत खरा वाळा किती हे नवख्याला ओळखता येत नाही. शुद्ध चंदनाच्या तेलात मुरवलेलं म्हणून कुणी अगदी कमी भावात देत असेल तर ते मानू नये, चंदनाचं तेलच मुळात महाग असतं. सणाला, लग्नाला किंवा अल्कोहोल टाळणाऱ्याला पहिली खरेदी म्हणून मी अत्तरच सुचवेन.

भाच्याने शेवटी डाव्या हाताचा लिंबाचा ईडीटी घेतला, 30 मिलीचा. दुकानदार 100 मिलीवर सूट देत होता आणि मिलीमागे भाव खरोखर कमी पडत होता. पण एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिली जातं. 30 मिलीत तीनशेच्या आसपास फवारे, रोज चार धरले तर अडीच महिने. 100 मिली म्हणजे आठ महिन्यांहून जास्त. तेवढ्यात पहिल्यांदा घेणाऱ्याची आवड बदलतेच. दुपारी वास जातो त्यावर उपाय सोपा आहे: अंघोळीनंतर बिनवासाचं क्रीम किंवा व्हॅसलिन चोळून त्यावर फवारायचं, कोरड्या कातडीपेक्षा वास जास्त टिकतो. आणि छोटी बाटली डब्याच्या पिशवीत मावते, जेवणानंतर एक फवारा पुन्हा.

आठवड्याने त्याचा फोन आला, "दहा वाजताच वास जातोय, सहा फवारे मारू का?" मी त्याला आधी शेजारच्या टेबलवरच्या माणसाला विचारायला सांगितलं. आपल्याच वासाची नाकाला सवय होते आणि तो आपल्याला जाणवेनासा होतो, समोरच्याला मात्र येत असतो. शेजारी म्हणाले, "येतोय की चांगला." फवारे चारच राहिले.