ओल्या कोब्यावर दाखवलेली सफाई

पोर्चच्या किंवा पार्किंगच्या खरखरीत सिमेंट कोब्यावरचे ऑइल-ग्रीसचे डाग ‘एका दिवसात शंभर टक्के घालवून देतो’ असे सांगत कोणी आले, तर त्याला आधीच बजावा की जमीन पूर्ण वाळल्याशिवाय एक पैसाही मिळणार नाही. माझ्याकडे आलेल्या अशाच एकाने 70 टक्के रक्कम आगाऊ घेतली आणि उरलेली 30 टक्के त्याच संध्याकाळी, कोबा ओला असतानाच उचलली. डाग सगळे मिळून 14 चौरस फुटांचे होते. पैसे मात्र ‘रंग एकसारखा यायला हवा’ या सबबीखाली पूर्ण 180 चौरस फुटांचे लावले.

‘स्पेशल केमिकल’ म्हणून त्याने लेबल नसलेले 5 लिटरचे 2 कॅन आणले होते. त्यात फरशी धुण्याचे ॲसिड होते, हे नाकाला झोंबणाऱ्या वाफेवरूनच कळायला हवे होते, पण खरी खूण डोळ्यांसमोर होती आणि तिचाच मला आजही संताप येतो. द्रव ओतताच कोब्यावर फसफसून फेस आला. तो आला डागाच्या भोवतीच्या स्वच्छ सिमेंटवर. नेमक्या डागावर काहीच घडत नव्हते, तेथे द्रवाचे थेंब गोळा होऊन बाजूला घरंगळत होते. ॲसिडची झटापट सिमेंटशी होते, तेलाशी नाही. जेथे तेल मुरलेले असते तेथे ते सिमेंटपर्यंत धड पोहोचतही नाही. मी तसे विचारलेही, त्यावर तो शांतपणे म्हणाला, “तेल किती खोल गेलंय बघा मॅडम, म्हणून तर वेळ लागतोय.” एवढा फेस उसळताना पाहिला असता, तर कोणालाही काम होत आहे असेच वाटले असते. वरून पाणी मारल्यावर संपूर्ण कोबा एकसारखा काळपट झाला आणि त्यात काळे डाग दिसेनासे झाले. त्याने लगेच फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी ऊन लागून कोबा वाळला, तेव्हा सगळे डाग जागच्या जागी होते. उलट भोवतालचे सिमेंट पांढरे पडल्याने ते अधिकच उठून दिसत होते. हात फिरवला की वाळूचे कण तळव्याला लागत होते, कारण वरचा सिमेंटचा थर ॲसिडने खाल्ला होता. असा उघडा पडलेला कोबा पुढे सांडलेले ऑइल आधीपेक्षा लवकर पितो. फोनवर त्याने वरून कोटिंग मारण्याचा वेगळा दर सांगितला. तेल मुरलेल्या जागेवर कोटिंग धरत नाही, पापुद्रे सुटतात; त्या सापळ्यात तरी मी अडकले नाही.

पोलीस चौकीत सांगण्यात आले की काम झाले आहे, पैसे तुम्ही स्वखुशीने दिले आहेत, हा आपसांतला वाद आहे. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात बिल मागितले, तर त्यावर फक्त ‘फरशी सफाई’ असे लिहिलेले निघाले. “मग सफाई झाली ना?” असे तेथील गृहस्थांनी मलाच विचारले. कॅनचे लेबल आणा, म्हणाले. लेबल नव्हते हीच तर तक्रार होती. सर्वांत कहर म्हणजे त्या भामट्याने पाठवलेला ओल्या कोब्याचा फोटो पुरावा म्हणून ग्राह्य धरला गेला आणि मी काढलेला वाळलेल्या कोब्याचा फोटो ‘नंतरचा’ म्हणून बाजूला सारला गेला. ओले सिमेंट डाग लपवते, हे तपासायला एक तांब्याभर पाणी पुरले असते, पण जागेवर येण्याची तसदी कोणी घेतली नाही.

डागात तेल उरले आहे का, हे वाळलेल्या जागेवर पाण्याचा थेंब टाकून कळते: थेंब मुरला तर ठीक, मण्यासारखा उभा राहिला तर तेल आहे. ताजे ऑइल सांडले असेल तर घासू नका, त्यावर लाकडाचा भुसा टाकून शोषून घ्या. ग्रीस आधी पत्र्याने खरडा. जुन्या डागासाठी मी शेवटी धुण्याचा सोडा आणि कपड्यांची पावडर गरम पाण्यात कालवून नायलॉनच्या ब्रशने घासली. नंतर त्याच पाण्यात खडूची पूड मळून अर्ध्या सेंटीमीटरचा लेप दिला, प्लॅस्टिकने झाकून दिवसभर ठेवला आणि मग उघडा करून वाळू दिला. खरे काम या वाळण्यातच होते, कारण ओल वर येताना तेलालाही वर ओढते आणि खडू पिवळट तपकिरी होतो. खडू पांढराच राहिला, तर त्या पद्धतीने आणखी काही निघणार नाही असे समजावे. पेट्रोलने पुसू नका, तेल पसरते आणि आगीचा धोका वेगळा. ॲसिड ओतलेल्या जागी ब्लीचिंग पावडर तर मुळीच टाकू नका, विषारी वायू सुटतो.

लेप पुन्हा पुन्हा दिल्यावर माझे डाग बरेच फिकट झाले, पण पूर्ण गेले नाहीत. वर्षानुवर्षे मुरलेले ऑइल पूर्ण निघण्याची हमी कोणी देत असेल, तर तो खोटे बोलत आहे. तरीही काम द्यायचेच असेल, तर बिलावर ‘ऑइलचे डाग काढणे, तपासणी जमीन वाळल्यावर’ हे शब्द आणि डागांचे चौरस फूट लिहून घ्या, आणि केमिकलचे नाव त्याच्याच हस्ताक्षरात घ्या.